प्रस्तावातून डेटा मॅनेजमेंट प्लॅन कसा काढावा: पंचगंगेच्या एका पूर-प्रकल्पाचं उदाहरण

प्रश्न: मॅडम, आमचा तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झालाय. पंचगंगेवर तीन ठिकाणी लॉगर बसवून पाणीपातळी मोजायची, शिरोळ तालुक्यातल्या दोन गावांत ३०० घरांचा पूर-सर्व्हे, ४० मुलाखती आणि ड्रोनने नकाशे. निधी देणारे आता दोन पानांचा डेटा मॅनेजमेंट प्लॅन मागतायत. टेम्प्लेट भरायला घेतला, पण सगळं गोलगोल लिहिलं जातंय. प्रस्ताव हातात आहे; त्यातून स्टोरेज, फॉरमॅट, शेअरिंग आणि डेटा किती वर्षं ठेवायचा हे काढायचं कसं?

उत्तर:

टेम्प्लेट दोन दिवस बाजूला ठेवा. प्रस्तावातला कार्यपद्धतीचा भाग कागदावर छापून घ्या आणि पेन्सिलीने फक्त क्रियापदं अधोरेखित करा: मोजणार, नोंदवणार, विचारणार, उडवणार, तपासणार. प्रत्येक क्रियापदातून एक ना एक फाइल जन्माला येते. ती कोण तयार करणार, कुठल्या यंत्रावर, आणि त्या दिवशी रात्री ती कुठे असणार, एवढं प्रत्येकीपुढे लिहा. प्लॅनचा कच्चा माल हाच.

तुम्ही चार गोष्टी सांगितल्यात. अशा प्रस्तावात मला नेहमी आठ-नऊ सापडतात, कारण काही डेटा क्रियापदांच्या आड लपलेला असतो. तुमचे लॉगर दाबावर चालणारे आणि हवेकडे उघडणारी नळी नसलेले असतील तर ते पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब नोंदवतात. पातळी काढायची तर हवेचा दाब वजा करावा लागतो, म्हणजे काठावर एक बॅरोमीटर लॉगर आलाच. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की पातळीच्या आकड्यात साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो. बॅरोमीटरची फाइल हरवली तर पावसाळ्यातल्या सगळ्या नोंदी कित्येक सेंटिमीटरने संशयास्पद होतात. तुमच्या प्रश्नात या फाइलचा उल्लेख नाही, प्रस्तावातही बहुधा नसेल. तशीच लॉगर कधी काढला, कधी साफ केला याची वही. तशीच सह्यांची संमतीपत्रकं. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे ‘घर क्रमांक १४७ म्हणजे अमुक यांचं घर’ ही किल्ली-यादी. ही यादी कुठल्याच प्रस्तावात नसते आणि प्रत्येक सर्व्हेत असते.

आता यादीतल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. हे हरवलं तर पुन्हा मिळवता येईल का? आणि हे बाहेर फुटलं तर कुणाचं नुकसान होईल का? पाणीपातळी पुन्हा मिळणार नाही, तो पावसाळा परत येत नाही. पण ती जगजाहीर झाली तरी कुणाचं बिघडत नाही. मुलाखत पुन्हा मिळणार नाही, आणि फुटली तर माणूस अडचणीत येतो. ड्रोनच्या फोटोंवरून जोडलेला नकाशा पुन्हा बनवता येतो, मूळ फोटो मात्र नाही. तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टी या दोन उत्तरांतून निघतात.

आधी आकारमान, कारण त्यावरून उगाच घबराट होते. दर १५ मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ९६. तीन वर्षांत एका ठिकाणच्या १,०५,१२० ओळी, तीन ठिकाणच्या ३,१५,३६०. ओळीला ४० बाइट धरले तरी सगळं मिळून १३ एमबीच्या आत. मुलाखती १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, एका चॅनलवर वेव्ह फाइलमध्ये घेतल्या तर तासाला सुमारे ३४६ एमबी, म्हणजे ४० तासांचे १४ जीबी. ड्रोनची दोन गावांत पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षाला चार उड्डाणं धरू. तीन वर्षांत बारा. प्रत्येकी ४०० फोटो, फोटो ८ एमबीचा, तर ३८ जीबी. त्यातून तयार होणारे नकाशे आणि बिंदूसंच याच्या दुप्पट-तिप्पट. एकूण साधारण १३० ते १७० जीबी. एका साध्या १ टीबीच्या डिस्कवर मावेल एवढाच हा पसारा आहे. हा हिशेब प्लॅनमध्ये असाच्या असा लिहा. सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही हे परीक्षकाला दिसतं, आणि वाचलेले पैसे डेटा साफ करणाऱ्या साहाय्यकाच्या पगाराला मागता येतात.

स्टोरेजमध्ये खरा प्रश्न प्रती कुठे आहेत हा असतो. २०१९ च्या पुरात मी एका संस्थेचं काम बघत होते. त्यांच्याकडे बॅकअप होता, रोजच्या रोज घेतलेला होता, आणि दोन्ही हार्ड डिस्क तळमजल्यावरच्या एकाच लोखंडी कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होतं. पाणी कुलूप बघत नाही. चार वर्षांच्या शेतनोंदी गेल्या, आणि त्या नोंदवणारा मुलगा माझ्यासमोर बसून रडला. तेव्हापासून कोल्हापुरातल्या कुठल्याही प्लॅनमध्ये मी प्रतीच्या जागेपुढे दोन शब्द लिहायला लावते: मजला आणि गाव. तुमच्यासाठी मी असं सुचवेन. रोजच्या कामाची प्रत विभागातल्या संगणकावर. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, दर शुक्रवारी घ्यायची आणि वरच्या मजल्यावर ठेवायची. एरवी ती संगणकाला जोडलेली नसावी, म्हणजे व्हायरसने संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या तरी ही शाबूत राहते. तिसरी प्रत कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्याबाहेर, पुण्या-मुंबईकडच्या सहकारी संस्थेत किंवा भारतातल्या सर्व्हरवरच्या क्लाउडमध्ये.

फोल्डर आपोआप सिंक होतं म्हणजे बॅकअप झाला, असं बरेच जण धरून चालतात. सिंकमध्ये इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस परत मिळतात ते त्या सेवेच्या सेटिंगमध्ये बघून प्लॅनमध्ये नोंदवा. आणि प्रत शाबूत आहे की नाही हे नुसतं फोल्डर उघडून कळत नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारा ठसा, काढून ठेवा आणि तिमाहीला एकदा पडताळा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये असं:

```
sha256sum *.wav *.csv > manifest.sha256
sha256sum -c manifest.sha256
```

पहिली ओळ मूळ प्रत तयार झाली की एकदाच चालवायची. दुसरी, प्रत्येक प्रतीवर. जिथे `FAILED` दिसेल ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून भरून घ्यायची. हे काम कुणाचं, त्याचं पद लिहा. व्यक्तीचं नाव नको, कारण साहाय्यक बदलतात.

गावात फिरणाऱ्या मुलांच्या मोबाइलचा विचार बहुतेक प्लॅनमध्ये नसतो. मुलाखत त्यांच्या खाजगी फोनवर रेकॉर्ड झाली की ती त्यांच्या क्लाउड खात्यात आपोआप चढू शकते, आणि ‘सर, फाइल पाठवली’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरही येते. भिंतीवरच्या पूररेषेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यात दडलेलं स्थान निघून जातं. मग तो कुठल्या घराचा हे सांगता येत नाही. दोन स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. फाइल संध्याकाळी संगणकावर उतरवायची, चेकसम जुळला की रेकॉर्डरवरून पुसायची. एवढं एक वाक्य प्लॅनमध्ये पुरेसं आहे.

फॉरमॅटवर लोक पान-पान लिहितात. तुमच्या प्रकल्पाला तक्ते सीएसव्हीत, आवाज वेव्हमध्ये, नकाशे जिओटिफमध्ये आणि उतारे साध्या मजकुरात, एवढं पुरतं. लॉगरची कंपनीच्या फॉरमॅटमधली मूळ फाइलही टाकू नका, ती सीएसव्हीच्या शेजारी ठेवा. मात्र सीएसव्हीच्या आत काय बिघडतं ते इथलंच तुम्हाला सांगते.

राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण फूट-इंचांत बोलतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. नोंदवहीत ४३ फूट ११ इंच हे कुणी ४३.११ असं लिहितं. संगणक ते ४३.११ फूट वाचतो, आणि पातळी जवळपास पावणेदहा इंचांनी, म्हणजे २४-२५ सेंटिमीटरने कमी भरते. शिवाय ४३ फूट २ इंच म्हणून लिहिलेलं ४३.२ त्याच्या वर जाऊन बसतं. असं झालंय का हे ओळखायचं असेल तर दशांश चिन्हानंतरचे आकडे बघा: ० ते ११ च्या पलीकडे एकही आकडा दिसत नसेल तर ते इंच आहेत. तुमचे लॉगर मीटरमध्ये देणार आणि तुलना बंधाऱ्याच्या आकड्यांशी करणार, तेव्हा फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घ्या, आणि मीटरचा तिसरा रकाना सूत्राने काढा. प्रत्येक ठिकाणी शून्य कुठे धरलंय, नदीच्या तळाशी, पट्टीच्या शून्याशी की समुद्रसपाटीशी, हे रकान्यांच्या माहितीपत्रकात लिहा.

सर्व्हेत गट क्रमांक विचारणार असाल तर १२/३ लिहिलं की एक्सेल त्याची १२ मार्च करून टाकतं. सेव्ह केल्यावर मूळ क्रमांक परत मिळत नाही. तो रकाना भरायच्या आधीच मजकूर म्हणून ठरवा. गावांची आणि माणसांची नावं मराठीत असतील तर सगळं युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ मध्ये. ग्रामपंचायतीकडून किंवा एखाद्या जुन्या टायपिस्टकडून आलेल्या याद्या अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती नावं म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या आल्या दिवशीच बदलून घ्या आणि वीस नावं डोळ्यांनी तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार बदलताना हमखास चुकतात. लॉगर बंद पडला असेल तर तो रकाना रिकामा सोडा आणि शेजारी कारण लिहा. तिथे शून्य भरलं तर नदी कोरडी होती असा त्याचा अर्थ होतो.

फाइलच्या नावात ठिकाण, प्रकार, दिनांक आणि अवस्था, याच क्रमाने:

```
PG02_level_2026-07-26_raw.csv
PG02_level_2026-07-26_clean_v1.csv
```

`raw` लिहिलेल्या फाइलला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. ती फक्त वाचण्यासाठी खुली ठेवा.

आता शेअरिंग, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. तुमचा डेटा वाटता येईल की नाही हे प्लॅनमध्ये ठरत नाही, ते संमतीपत्रकात ठरतं. संमतीपत्रकाचा जो नमुना वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो त्यात ‘ही माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल आणि नंतर नष्ट केली जाईल’ असं वाक्य असतं. त्याखाली ३०० घरांची सही किंवा अंगठा घेतलात की पुढे प्लॅनमध्ये ‘डेटा खुला करू’ लिहिणं म्हणजे त्या माणसांना दिलेला शब्द मोडणं. पुन्हा ३०० घरं फिरून नवी संमती घेणं कुणाला जमत नाही. म्हणून प्रस्तावाबरोबर जोडलेलं पत्रक आजच उघडा. मी साधारण असा मजकूर ठेवते:

‘तुमचं नाव, फोन आणि घराची खूण आम्ही कुणालाही देणार नाही. ती काढल्यावर उरलेली सर्व्हेची उत्तरं इतर अभ्यासकांना वापरता येतील अशा ठिकाणी ठेवू. तुम्हाला हे नको असेल तर सांगा. तरीही सर्व्हेत भाग घेता येईल. मुलाखतीचं रेकॉर्डिंग आमच्या गटाबाहेर कुणाला ऐकवणार नाही.’

सर्व्हे, मुलाखत आणि पुढे वाटणं, या तिन्हींना वेगळा चौकोन. आणि ज्यांनी वाटायला नाही म्हटलं त्यांच्या ओळीवर खूण करणारा एक रकाना मुख्य तक्त्यातच हवा, नाहीतर तीन वर्षांनी त्यांची उत्तरं वगळायची कशी?

नाव काढलं म्हणजे माणूस लपला, हे शहरात थोडंफार खरं आहे, गावात नाही. समजा तक्त्यात गाव, जातप्रवर्ग, जमीन आणि कुटुंबप्रमुख स्त्री की पुरुष एवढंच आहे. एका गावातल्या तुमच्या साधारण १५० घरांत ‘स्त्री कुटुंबप्रमुख, चार एकर, अमुक प्रवर्ग’ असं घर एकच निघू शकतं, आणि पारावर बसलेला कुणीही ते ओळखेल. या चार रकान्यांची जुळणी करून मोजा. ज्या जुळणीत पाचापेक्षा कमी घरं येतात ती सगळी धोक्यात. तिथे जमीन एकरांऐवजी ‘अडीच एकरांपर्यंत, त्याहून जास्त’ अशा गटांत टाका, तरीही पाच होत नसतील तर प्रवर्गाचा रकाना खुल्या प्रतीतून काढा.

तुमच्या प्रकल्पात याहून अवघड एक गोष्ट आहे. घरात पाणी किती चढलं हा तुमचा मुख्य आकडा, आणि तो सेंटिमीटरपर्यंत मोजणार. ड्रोनच्या नकाशातून प्रत्येक घराची जागा किती उंचीवर आहे हे कळतं. दोन्ही खुले केले तर कुणीही पूरपातळीतून घराच्या जागेची उंची वजा करून कुठली उत्तरं कुठल्या घराची हे शोधू शकतो. एकेकटे निरुपद्रवी असलेले दोन संच एकत्र आले की फुटतात. म्हणून खुल्या प्रतीत पाण्याची उंची अर्ध्या फुटाच्या गटांत द्या, घराचं स्थान अजिबात देऊ नका, आणि सेंटिमीटरची प्रत फक्त लेखी विनंतीवर, कराराने द्या.

मुलाखती मी खुल्या करणार नाही. पुरानंतरच्या मुलाखतीत लोक पंचनाम्याबद्दल बोलतात, कुणाला अनुदान मिळालं आणि कुणाला नाही हे नावासकट सांगतात. त्या विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत. नावं आणि खुणा काढलेले उतारे मर्यादित प्रवेशात ठेवता येतील, तेही दोघांनी वेगवेगळं वाचून.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ मध्ये संशोधनासाठी सूट आहे, पण ती सशर्त आहे: ठरवलेले निकष पाळायचे, आणि त्या माहितीवरून त्याच माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. सर्व्हे संपल्यावर ‘आम्हाला पुनर्वसनासाठी यादी द्या’ असं कुणी मागेल. हेतू चांगला असला तरी घरवार यादी दिलीत आणि तिच्यावरून कुणाबद्दल निर्णय झाला की ती अट मोडली. गावपातळीची बेरीज द्या. ड्रोनच्या नकाशांना फेब्रुवारी २०२१ ची भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात: आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा आणि भारतातच त्यावर प्रक्रिया करायची. तुमचे नकाशे काही सेंटिमीटरचे असणार. म्हणजे परदेशी सर्व्हरवर फोटो जोडून देणारी वेबसेवा तुम्हाला चालणार नाही, आणि झेनोडो या खुल्या डेटा-भांडारावरही ते टाकता येणार नाहीत, कारण ती सेवा युरोपातल्या सर्न या संस्थेची आहे.

पाणीपातळीला मात्र झेनोडो उत्तम. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा फुकट, तुमचे तर जेमतेम १३ एमबी. कायमचा डीओआय मिळतो, आणि सुधारित आवृत्ती टाकली की तिला वेगळा क्रमांक मिळून जुनीही राहते. सीसी बाय ४.० परवाना द्या, बॅरोमीटरची फाइल आणि रकान्यांचं माहितीपत्रक सोबत ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. पहिला शोधनिबंध येईल तेव्हा किंवा प्रकल्प संपल्यावर एक वर्षाने, यात जे आधी असेल त्या दिवशी. ‘योग्य वेळी’ असं लिहू नका. सर्व्हेची गट पाडलेली प्रतही झेनोडोवरच टाका, पण नावं न पाहिलेल्या एका सहकाऱ्याने घरं ओळखायचा प्रयत्न करून बघितल्यावरच. त्याला एक जरी घर सापडलं तर गट आणखी रुंद करा.

किती वर्षं ठेवायचं हे सगळ्या डेटासाठी एकच लिहिलं की प्लॅन खोटा ठरतो. निधी देणाऱ्यांच्या आणि नैतिकता समितीच्या अटीतली किमान मुदत आधी शोधा; ती सगळ्यांचा पाया. त्यावर, पाणीपातळी कायम. ड्रोनचे मूळ फोटो आणि अंतिम नकाशे दहा वर्षं. मधल्या प्रक्रियेच्या फाइली निबंध छापून आल्यावर पुसायच्या, कारण त्या पुन्हा बनतात आणि सगळ्यात जास्त जागा त्याच खातात. मुलाखतीचा आवाज उतारा दोनदा तपासून झाल्यावर, प्रकल्प संपल्यापासून वर्षभरात नष्ट, समितीची मुदत जास्त असेल तर तिच्यानुसार. किल्ली-यादी एन्क्रिप्ट करून इतर डेटापासून वेगळी, दोनच लोकांकडे पासवर्ड, आणि शेवटची पडताळणी भेट झाली की नष्ट. संमतीपत्रकं कागदावरच कुलुपात, पण तळमजल्यावर नको. नष्ट केल्याची तारीख आणि दोन सह्या एका नोंदवहीत, आणि तिन्ही प्रतींमधून नष्ट. क्लाउडच्या कचरापेटीत राहिलेली प्रत हमखास विसरली जाते.

आता टेम्प्लेट उघडा. ‘डेटा सुरक्षित ठेवला जाईल’ या ओळीच्या जागी आता तुम्हाला असं लिहिता येईल: ‘मुलाखतीची रेकॉर्डिंग त्याच दिवशी विभागातल्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर उतरवली जातील, दर शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरच्या डिस्कवर आणि महिन्यातून एकदा पुण्यातल्या प्रतीवर जातील, जबाबदारी प्रकल्प साहाय्यकाची, तिमाही पडताळणी प्रमुख संशोधकाची.’ प्रत्येक संचाला अशी तीन-चार वाक्यं, दोन पानं बरोबर भरतात. ज्या ओळीत पद, ठिकाण किंवा तारीख नाही ती पुन्हा लिहा.

पहिल्या पावसाळ्यानंतर प्लॅन पुन्हा काढून आवृत्ती दोन करा. लॉगर कुठे बुडाला, कुठे वाहून गेला हे तेव्हा कळलेलं असेल. त्याआधी एक काम या आठवड्यातच करा. बदललेलं संमतीपत्रक नैतिकता समितीकडे पाठवा. त्यांची मंजुरी हातात येईपर्यंत गावातल्या पहिल्या घराचा दरवाजा वाजवू नका.